खिळ्यावरची गोमुखी

मी स्वभावाने चिडका आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी "बिचारा म्हातारा, बायको गेली म्हणून असा झालाय" असं म्हणून माझ्यावर पांघरूण घालणार नाही. ती असतानाही मी असाच होतो. तिने बेचाळीस वर्षं सोसलं, एवढंच.

साताऱ्याकडून नोकरीसाठी बनारसला आलो तो इथलाच होऊन बसलो. एका इंटर कॉलेजात गणित शिकवलं, तेही उभं राहून. वर्गात खुर्ची गाठणारा मास्तर मला मास्तर वाटतच नसे. फळ्यापुढे एकदा उभा राहिलो की घंटा होईपर्यंत जागचा हलायचो नाही, आणि त्याची मला घमेंड होती. निवृत्तीच्या आधी डाव्या पोटरीवर शिरा फुगून गाठीगाठीने वर आल्या. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तांबूस काळी पडली. निवृत्तीनंतर तिथे मच्छर चावला, मी खाजवलं, आणि तेवढ्या निमित्ताने जखम झाली. ती भरायला सात महिने लागले. भरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता जन्मभर घट्ट मोजा घालायचा. सकाळी पाय जमिनीला टेकायच्या आधी चढवायचा, झोपताना उतरवायचा. त्यात सुट्टी नाही.

तो मोजा म्हणजे काय चीज आहे ते ज्याने चढवलाय त्यालाच ठाऊक. बोटांशी उघडा, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा, आणि इतका आवळ की पाय आत जाणार कसा असा प्रश्न पडावा. माझं पोट सुटलेलं, कंबर धरलेली. पावलापर्यंत हात पोचायचीच मारामार. तेव्हा मोजा चढवायचं काम आपोआप हिच्याकडे गेलं. मी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

सकाळी सहाला चहाच्या आधी ती पलंगाच्या पायथ्याशी पाट घेऊन बसायची आणि माझा पाय मांडीवर घ्यायची. मी उताणा पडून तोंडापुढे पेपर धरलेला असायचा. पलीकडे तिचं काहीतरी चाललेलं असे. पावडरचा वास येई, पावलावर काहीतरी गार, गुळगुळीत लागे, मग मोजा टाचेवरून वर सरके आणि शेवटी बोटांतून काहीतरी सर्रकन ओढून काढल्यासारखं वाटे. मी पेपराआडून ओरडायचो, "झालं का? लवकर आटप की! पाय आहे तो, पालखी नाही सजवायची." मग ती पोटरीवर एक चापट मारायची आणि म्हणायची, "चला, उठा आता."

सात वर्षं रोज हे चाललं. सात वर्षांत मी एकदाही पेपर खाली घेऊन पाहिलं नाही.

संध्याकाळी आम्ही भोसले घाटावर उतरायचो. आमचं घर घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या उतरून झाल्या की ती मला भिंतीला हात लावून उभं करायची आणि म्हणायची, "टाचा वर करा. अजून. अजून दहा." मी कुरकुर करत चवड्यांवर वर-खाली व्हायचो. ती शेजारी बसून पदराखाली माळ ओढायची. जपाला पदर पुरेसा होता तिला. पण पलंगाच्या पायथ्याशी, देवाच्या कोनाड्याला लागून एक खिळा होता, आणि त्यावर तिची लाल रेशमाची गोमुखी टांगलेली असे. माळेचा हात झाकायला घालतात ती, गाईच्या तोंडासारखी वाकडी पिशवी. ती वापरताना मी हिला कधी पाहिलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

गेल्या फाल्गुनात ती गेली. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल, चौथ्या दिवशी मणिकर्णिका. मुलगी पुण्याहून आली. मुलगा नाही आम्हाला, तेव्हा सगळं मीच केलं. धोतर, उघडे पाय, जमिनीवर बसणं. त्या तेरा दिवसांत मोजा कुणाच्या डोक्यातही नव्हता, माझ्याही नाही.

तेराव्यानंतर तिच्या साड्या वाटल्या. शालू मुलीला दिला, कारण तो तिने मुलीसाठीच राखला होता. पूजेतल्या वस्तू गंगेत सोडायच्या म्हणून मी एका फडक्यात गोळा केल्या. तुळशीची माळ, एक छोटा टाक, आणि खिळ्यावरची ती गोमुखी. हातात घेतली तेव्हा तिच्या टोकाला एक लांब नाडी शिवलेली दिसली. टांगायला असेल म्हटलं. नाकाशी धरली तर पावडरचा वास आला. तिच्या हातांचा वास राहिलाय, असं वाटलं आणि मी पोरासारखा रडलो. मग नावेतून मधल्या धारेपर्यंत गेलो, फडकं कपाळाला लावलं, आणि सोडून दिलं.

मुलगी परत गेली आणि सहाच्या सुमाराला मला जाग यायला लागली. उताणा पडून राहायचो. पेपर दाराशी पडलेला असे. तो उचलायला जायचं तर पाय खाली टेकावे लागणार, आणि मोजा तर घातलेला नाही. मी स्वतः प्रयत्न केला नाही असं नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास झटलो. मोजा टाचेवर अडकला तो अडकलाच. वाकलो तर दम लागला. शेवटी तो भिंतीवर फेकून मारला आणि आई-माईवरून शिव्या दिल्या. कुणाला दिल्या कुणास ठाऊक. घरात होतं कोण?

मग एक बाई लावली. ती नऊला यायची. नऊपर्यंत पलंगावर पडून राहणारा माणूस मी नाही. उठून चहा करायचो, पेपर वाचायचो, आणि ती येईपर्यंत पाय घोट्यापाशी सुजून बसलेला असायचा. सुजलेल्या पायावर तो मोजा चढतो होय? तिने जोर लावून ओढला. घोट्यापाशी चुण्या पडल्या, त्या दोरीसारख्या रुतल्या. मी ओरडलो. पाचव्या दिवशी ती आलीच नाही. तिचं काय चुकलं म्हणा.

त्यानंतर मी मोजा कपाटात टाकला. म्हटलं, पायाला आराम दिला की झालं. दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसून राहायचो, पाय खाली सोडून. घाटावर उतरणं बंद केलं. कुणासाठी उतरायचं? ज्येष्ठात जुन्या जागी कातडी ओलसर दिसली, आठ दिवसांत रुपयाएवढी जखम झाली. हळद लावली, तूप लावलं. मुलीला फोनवर "ठणठणीत आहे" म्हणून सांगत राहिलो. पण एका रविवारी तिने व्हिडिओ कॉल केला, आणि मी मूर्खासारखा पाय खुर्चीवर ठेवून बसलो होतो.

"बाबा, ते काय आहे पायावर?"

"काही नाही, खरचटलंय."

"आईने आठ वर्षांपूर्वी मला फोटो पाठवला होता, बाबा. मला ओळखता येतं."

दोन दिवसांत येऊन ती मला हॉस्पिटलात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून ड्रेसिंग रूममध्ये पाठवलं. तिथली सिस्टर मिर्झापूरकडची, पन्नाशीची, जिभेला हाड नसलेली. तिने आधी पावलावर यंत्र लावून नाडी ऐकली. नाडी नीट नसेल तर घट्ट पट्टी बांधायची नसते म्हणाली. मग जखम धुतली आणि थरावर थर पट्टी बांधायला घेतली, बोटांपासून गुडघ्यापर्यंत.

"दिन भर क्या करते हैं, बाबूजी?"

मी म्हणालो, आराम करतो. कुर्सी पर.

तिने कपाळावर हात मारला. "आराम ही तो बीमारी है."

मी गणिताचा माणूस, मला कारण लागतं. कारण सांगा म्हणालो, आणि तिने सांगितलं. हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातून ते परत वर चढवायला लागतो जोर, आणि तो बराचसा पोटरी लावते. पाऊल टाकताना टाच उचलली की पोटरी आवळते. तिच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर जातं. शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. पोटरी सैल पडली की त्या मिटतात, वर गेलेलं रक्त खाली येत नाही, आणि रिकाम्या झालेल्या शिरांत तळव्याचं, कातडीजवळचं रक्त येऊन भरतं. पुन्हा पाऊल, पुन्हा पीळ. हापसा मारत राहिलं तर पाणी येतं, दांडा धरून नुसतं उभं राहिलं तर नाही येत. नुसतं उभं राहिलं, किंवा पाय सोडून बसलं, की रक्त खाली साचतं, शिरा ताणतात, झडपांची दोन दारं एकमेकांना पोचेनाशी होतात. मग पोटरीने वर ढकललेलं निम्मं परत खाली. तो दाब कातडीवर येतो आणि कातडी फुटते.

"और ये पट्टी?" मी विचारलं.

पट्टी, मोजा, दोन्ही बाहेरून भिंत देतात, ती म्हणाली. पोटरी फुगली की तिला दाबायला काहीतरी हवं ना! पण पट्टी बांधून बसून राहिलात तर अर्धं काम फुकट. चालायचं, आणि पाय घासत नाही चालायचं. टाच उचलून चालायचं.

मी अभिमानाने सांगितलं, की बत्तीस वर्षं मी वर्गात बसलो नाही, उभा राहून शिकवलं.

सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाली, "वही तो. खड़े ही रहे. चले कहाँ?"

मुलगी हसली. मला राग आला, पण खरं होतं ते. घाटावरचं "टाचा वर करा, अजून दहा" आठवलं. हिला हे सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी आठ वर्षांपूर्वी आम्हा दोघांना बसवून सांगितलं असणार. मी ऐकलं नव्हतं, तिने ऐकलं होतं.

जाण्याआधी मुलीने अट घातली. "जखम भरेपर्यंत इथे उपचार. पण भरली की मोजा कोण घालणार? कार्तिक पौर्णिमेपर्यंत तुम्ही स्वतः मोजा घालून मला फोनवर दाखवायचा. सकाळी, पाय खाली टेकायच्या आधी. नाही जमलं तर मी येणार आणि हे घर बंद करून तुम्हाला पुण्याला नेणार. आणि वाद घालायचा नाही."

मुलगी माझ्यावरच गेली आहे. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पुण्याला मला काही त्रास होता अशातला भाग नाही. जावई भला आहे. पण मला जायचं नव्हतं. ही इथे आहे. म्हणजे नाही आहे, पण जिथे नाही ती जागा इथे आहे. पाटाची जागा, खिळ्याची जागा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तर ती नसलेलीसुद्धा नसणार. हे मुलीला सांगायला गेलो असतो तर दोघंही रडलो असतो, म्हणून नाही सांगितलं.

मग मी चाललो. श्रावण-भादव्यात गंगा वर चढते, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, तेव्हा गल्ल्यांमधून चाललो. गाई, मोटरसायकली, शेणाचा चिखल चुकवत, टाच उचलून. भाजीवाला हसायचा, "मास्टर साहब, परेड हो रही है?" घरी खिडकीचा गज धरून चवड्यांवर वर-खाली. दहा झाले की थांबायचो. "अजून दहा" म्हणणारं कुणी नव्हतं, मग आपणच लाजून अजून दहा करायचे. आठवड्यातून दोनदा सिस्टर पट्टी बदलायची. जखम कडेने आत येत गेली. दसऱ्यानंतर एके दिवशी सिस्टरने बोट फिरवलं आणि म्हणाली, "बंद हो गया. अब कल से मोजा. एक दिन भी छूटा तो महीने भर में फिर यहीं मिलेंगे."

मी म्हणालो, मोजा चढत नाही.

"पहले कौन चढ़ाता था?"

"घरवाली."

"कैसे चढ़ाती थीं?"

मला माहीत नव्हतं. पेपर वाचत असायचो म्हणालो. सिस्टरने खण उघडून एक हिरवी पिशवी काढली. गुळगुळीत कापडाची, टाचेपाशी वाकलेली, टोकाला लांब नाडी. ती माझ्या पावलावर चढवली, थोडी पावडर टाकली. मोजा टाचेपर्यंत उलटा करून त्यावरून सरकवला, तो लोण्यावरून गेल्यासारखा गेला. मग बोटांच्या उघड्या बाजूने नाडी धरून पिशवी ओढली.

सर्रकन.

तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी ती पिशवी तिच्या हातातून घेतली. वाकडी, गाईच्या तोंडासारखी. टोकाला नाडी.

"क्या हुआ, बाबूजी?"

"ये गोमुखी है," मी म्हणालो.

"नहीं, ये मोजे वाली थैली है. रेशम की हो तो और बढ़िया. घर में सिलवा लीजिए."

काय बोलणार होतो मी? की घरात होती, रेशमाचीच होती, सात वर्षं माझ्या डोळ्यांसमोर खिळ्यावर लटकत होती, आणि मी ती कपाळाला लावून गंगेत सोडली?

घरी येऊन मी रेशीम शोधायला कपाट उघडलं. हिच्या साड्या गेलेल्या. उरलं होतं फक्त माझं लाल कद, पूजेला नेसायचं सोवळ्याचं रेशीम, खालच्या खणात, पेपरात गुंडाळलेलं. ते मी सात वर्षं नेसलो नव्हतो. त्याचंही एक रामायण आहे. जखम भरली त्या वर्षीच्या गणपतीत ते नेसायला काढलं तर एका टोकाचा चांगला हातभर तुकडा गायब. मी घर डोक्यावर घेतलं. ही म्हणाली, "उंदीर लागले असतील." मग मी उंदरांवर, डांबराच्या गोळ्यांवर आणि तिच्या निष्काळजीपणावर आरतीची वेळ टळून जाईपर्यंत बोललो. माहेरपणाला आलेली मुलगी उठून बाहेर गेली. ही मान खाली घालून मोदक वळत राहिली. "चुकलं हो माझं," एवढंच म्हणाली.

आता मी कद उजेडात धरलं. उंदीर सरळ रेषेत कुरतडत नाहीत. कड कात्रीने कापलेली होती, आणि सुटू नये म्हणून बारीक धावदोऱ्याने मुडपून शिवलेली. लाल दोऱ्याने.

तिने विचारलं असतं तर मी दिलं नसतं. सोवळ्याच्या कापडात पाय? मी तिला उभी चिरली असती. तिला ते ठाऊक होतं. म्हणून तिने उंदराचं नाव घेतलं, बोलणी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाट घेऊन बसली.

मी कात्री घेतली आणि तिच्या कापलेल्या कडेला लागूनच दुसरा तुकडा कापला. शिवायला तीन दिवस गेले, तोवर सिस्टरने चढवलेला मोजा उतरवलाच नाही. बोटं टोचून घेतली, दोरा दोनदा उसवला. जे झालं त्याला पिशवी म्हणायला जीभ वळत नव्हती. पण गुळगुळीत होती. पाय पलंगावरच मुडपून, हिच्या पाटावर टाच टेकवून, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून मोजा धरायचा, हे सिस्टरने शिकवलं होतं. पाट पलंगावर घेतला, माझ्या आईने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती! पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी टाचेवर चुणी पडली, काढून पुन्हा चढवला. दहाव्या दिवशी वीस मिनिटांत झालं.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी मी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. फोन उशीला टेकवला. गणिताच्या परीक्षेत पोरांना जसा घाम फुटायचा तसा मला फुटला. पावडर, पिशवी, मोजा, टाच, वर, नाडी. ओढली.

मुलीने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "बाबा, ते लाल काय आहे?"

"गोमुखी."

"आईची?"

"नाही. आईची मी गंगेत सोडली. ही माझी."

तिला काही कळलं नसणार. सगळं सांगेन कधीतरी. ती डोळे पुसून म्हणाली, "ठीक आहे. राहा तुम्ही तिथे. जमतंय तुम्हाला."

फोन बंद झाला. मी पास झालो होतो. या घरात एकट्याने राहायला मला परवानगी मिळाली होती. खाली घाटावर उद्याच्या दिव्यांसाठी पायऱ्या धुण्याचा आवाज येत होता. पेपर दाराशी पडला होता. पिशवी मी खिळ्यावर टांगली आणि तसाच बसून राहिलो. मोजा नीट बसला होता, एक चुणी नव्हती. उठायला काही हरकत नव्हती. पण सात वर्षांची सवय, चापट बसल्याशिवाय पाय हलेना.

बराच वेळ वाट पाहिली. मग मीच पोटरीवर चापट मारली आणि मोठ्याने म्हणालो, "चला, उठा आता."